‘दीड महिन्यात देतो’ म्हणजे नक्की कधी?

ठाण्यातल्या एका जुन्या सोसायटीतला दोन बेडरूमचा फ्लॅट डोळ्यांसमोर आणा. स्वयंपाकघर आणि दोन्ही बाथरूम मुळापासून नव्यानं करायची आहेत. काम सुरू होणार 13 जुलै 2026 रोजी, सोमवारी. गणपती बसणार 14 सप्टेंबरला. घरात दीड दिवसाचा गणपती असतो, नातेवाईक येतात, त्यामुळे तारखेला महत्त्व आहे. ठेकेदार सगळं घर फिरून बघतो आणि म्हणतो, “ताई, दीड महिना धरा. गणपतीच्या कितीतरी आधी मोकळं करून देतो.”

हा फ्लॅट आणि हा ठेकेदार मी उदाहरणासाठी रचलेले आहेत, पण असा संवाद ज्यांच्या घरात झालेला नाही अशी घरं थोडी असतील. दीड महिना उलटून जातो, ओटा बसलेला नसतो आणि मग ‘हे लोक खोटंच बोलतात’ असा निष्कर्ष निघतो. मला तो अन्यायाचा वाटतो. ठेकेदारानं मनातल्या मनात एकेक काम घेतलं, त्याला साधारण किती दिवस लागतात ते आठवलं आणि बेरीज केली. बेरीज आली 36 दिवस. रविवार वगळले की सहा आठवडे, म्हणजे दीड महिना. प्रत्येक आकडा प्रामाणिक होता आणि तरीही बेरीज चुकली. कशी, ते बघण्यासाठी त्याच्याकडून प्रत्येक कामाचे एकाऐवजी तीन आकडे काढून घ्यावे लागतात: सगळं सुरळीत झालं तर किती दिवस, बहुतेक वेळा किती, आणि नाट लागली तर किती.

| काम | सुरळीत | बहुधा | अडचणीत |
|---|---|---|---|
| तोडफोड, राडारोडा हलवणं | 3 | 4 | 8 |
| नळाचे पाइप, वायरिंग | 4 | 6 | 14 |
| वॉटरप्रूफिंग, पाणी साठवून चाचणी | 5 | 6 | 13 |
| फरशी, टाइल्स, ओटा | 8 | 10 | 18 |
| ट्रॉल्या आणि नळ बसवणं | 3 | 5 | 13 |
| रंगकाम | 4 | 5 | 9 |

आकडे कामाच्या दिवसांचे आहेत. मधली उभी ओळ म्हणजे ठेकेदाराचे 36 दिवस. आता तिच्या दोन बाजू बघा. टाइल्सचं दहा दिवसांचं काम फार फार तर आठ दिवसांत होईल, दोन दिवसांत होणार नाही. उलट ते अठरा दिवसांवर मात्र सहज जाऊ शकतं: एका डब्यातल्या टाइल्सची छटा वेगळी निघते, गवंडी गावी जातो, सोसायटीचे सेक्रेटरी दुपारी कटर बंद करायला लावतात. लवकर संपायला जागा थोडी, उशिराला मोकळं रान. सहाही कामं अशीच उजवीकडे झुकलेली आहेत. म्हणून नेहमी लागणाऱ्या दिवसांची बेरीज म्हणजे संपूर्ण कामाला नेहमी लागणारे दिवस नव्हेत. ती बेरीज सतत कमी पडते.

तीन आकड्यांचं वजन करून एक सरासरी काढायचं सूत्र अगदी साधं आहे. सुरळीतचा आकडा, बहुधाचा चौपट आणि अडचणीचा आकडा यांची बेरीज करून सहानं भागायचं. एक्सेलमध्ये तीन आकडे B, C, D या रकान्यांत असतील तर पहिली ओळ सरासरीची, दुसरी अनिश्चिततेची:

```
=(B2+4*C2+D2)/6
=(D2-B2)/6
```

पाइपच्या कामाचं बघू. 4, चोवीस आणि 14 मिळून 42, त्याचा सहावा भाग 7. म्हणजे ठेकेदाराच्या सहा दिवसांऐवजी सरासरी सात धरावे लागतात. अशी सहाही कामांची सरासरी काढली तर 4.5, 7, 7, 11, 6 आणि 5.5 येते. एकूण 41 दिवस. कोणीही आळस केलेला नाही, कोणी फसवलेलं नाही, तरी पाच दिवस वाढले. 15 ऑगस्टची सुट्टी वजा करून मोजलं तर छत्तिसावा दिवस 24 ऑगस्टला येतो आणि एकेचाळिसावा 29 ऑगस्टला.

पण 29 ऑगस्ट ही तारीखही सांगण्यासारखी नाही, कारण सरासरीच्या तारखेच्या आत काम संपण्याची शक्यता जेमतेम निम्मी असते. इथे दुसऱ्या ओळीचा उपयोग होतो. पाइपच्या कामात 14 मधून 4 गेले, दहाचा सहावा भाग 1.67. सरासरीच्या मागेपुढे हे काम साधारण किती दिवस हलेल, याचं हे माप. सहा कामांची मापं मात्र सरळ मिळवायची नसतात. सगळ्याच कामांना एकाच वेळी नाट लागत नाही. तोडफोड लांबली तरी रंग वेळेआधी होऊ शकतो आणि लांबलेल्या-आखडलेल्यांची थोडी फिटंफाट होते. म्हणून प्रत्येक मापाचा वर्ग करायचा, वर्गांची बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. आपल्या उदाहरणात वर्गांची बेरीज 11.5 आणि वर्गमूळ सुमारे 3.4 दिवस. अशा अनेक कामांची बेरीज साधारण घंटेच्या आकारात पसरते. त्यामुळे सरासरीच्या दोन्ही बाजूंना या मापाच्या 1.28 पट गेलं की मधल्या पट्ट्यात शंभरातल्या ऐंशी शक्यता मावतात. इथे तो पट्टा 37 ते 46 दिवसांचा, म्हणजे 25 ऑगस्ट ते 4 सप्टेंबर. त्याच हिशेबानं ठेकेदाराच्या 36 दिवसांत काम संपण्याची शक्यता किती? शंभरात सात.

सगळे वाईट आकडे मिळवले तर 75 दिवस होतात, चांगले मिळवले तर 27. पुष्कळ लोक ‘सत्तावीस ते पंचाहत्तर’ अशीच व्याप्ती सांगून मोकळे होतात. ती चूक नाही, पण तिच्यावरून रंगाऱ्याला बोलावता येत नाही की पाहुण्यांना निरोप धाडता येत नाही.

ही रीत घरदुरुस्तीत जन्मली नाही. ऑक्टोबर 1957 मध्ये सोव्हिएत स्पुटनिक अवकाशात गेला आणि अमेरिकेत घाई उडाली. त्यांच्या नौदलाचा पोलॅरिस प्रकल्प तेव्हा चालू होता: पाण्याखाली दडलेल्या पाणबुडीतून अण्वस्त्र डागायचं. त्यातली असंख्य कामं कोणीच पूर्वी केलेली नव्हती. ‘किती दिवस लागतील’ असं विचारलं तर इंजिनिअरांकडे प्रामाणिक उत्तर नव्हतं. 1958 मध्ये नौदलाचं विशेष प्रकल्प कार्यालय, लॉकहीड कंपनी आणि बूझ ॲलन हॅमिल्टन ही सल्लागार संस्था यांच्या माणसांनी ‘प्रोग्रॅम इव्हॅल्युएशन अँड रिव्ह्यू टेक्निक’ म्हणजे ‘पर्ट’ ही पद्धत बसवली. तीन आकडे विचारण्यामागे युक्ती अशी की, एकच आकडा दिला तर माणूस त्याला बांधला जातो, तीन दिले की मोकळेपणी बोलतो. 20 जुलै 1960 रोजी जॉर्ज वॉशिंग्टन या पाणबुडीनं पाण्याखालून पोलॅरिस डागून दाखवलं आणि पर्टचा बोलबाला जगभर झाला. पुढे हार्वे सापोल्स्की या अभ्यासकानं या प्रकल्पाचा इतिहास लिहिला. त्याचं मत असं की पोलॅरिसच्या यशात पर्टचा वाटा प्रचारात होता तेवढा नव्हता. या आधुनिक दिसणाऱ्या तक्त्यांमुळे वरचे साहेब आणि राजकारणी लुडबुड करायचे थांबले, हाच त्यांचा मोठा उपयोग. मला हे पटतं. तक्ता समोर ठेवला की मीटिंग लवकर संपते, हे कुठल्याही ऑफिसात बघायला मिळतं.

चौपट आणि सहावा भाग हे आकडे कुठून आले? पर्ट बसवणाऱ्यांपैकी गणिती चार्ल्स क्लार्क यानं 1962 मध्ये एका छोट्या टिपणात ते उघडपणे सांगितलं. प्रत्यक्ष कामांना लागणारे वेळ कसे पसरलेले असतात याची माहिती त्याच्याजवळ नव्हती. हिशेबाला सोयीचा असा एक वक्र त्यानं निवडला आणि चांगल्या-वाईट टोकांमधलं अंतर अनिश्चिततेच्या मापाच्या सहापट असतं असं धरून चालला. तेव्हा या सूत्राला निसर्गनियम मानायचं कारण नाही. तीन अंदाजांतून एक बरा अंदाज काढायची ती सोय आहे.

सूत्रापेक्षा जास्त घोळ तिसऱ्या आकड्यात असतो. ‘अडचणीत किती’ याचा मूळ अर्थ असा: हेच काम शंभर वेळा केलं तर एखाद्याच वेळी यापेक्षा उशीर व्हावा. भूकंप, आग असले प्रकार यात धरत नाहीत, पण नेहमीची सगळी दुर्दैवं त्यात यायला हवीत. ठेकेदार जेव्हा ‘चौदा दिवस, त्याच्या वर नाहीच’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर शंभरातली एक वेळ नसते. गेल्या वर्षी झालेला एखादा त्रास असतो, आणि तसा त्रास वीस कामांत एकदा तरी होतोच. त्याचे दोन्ही टोकांचे आकडे विसात एकदा मोडणारे असतील तर सहानं भागणं चुकीचं ठरतं. मग सुमारे 3.2 नं भागावं लागतं आणि अनिश्चितता जवळजवळ दुप्पट होते.

माणसाला वाईट कल्पनाही पुरेशी वाईट करता येत नाही, याचा एक छान दाखला आहे. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना असेच तीन प्रश्न विचारले आणि 1994 मध्ये निकाल छापले. सगळं मनासारखं झालं तर सरासरी 27 दिवस, खरा अंदाज 34 दिवस, आणि सगळं शक्य तितकं बिघडलं तर 49 दिवस, असं विद्यार्थी म्हणाले. प्रत्यक्षात सरासरी 55 हून अधिक दिवस लागले. म्हणजे विद्यार्थ्यांच्या सर्वांत वाईट अंदाजापेक्षाही वास्तव वाईट निघालं.

त्यामुळे प्रश्न विचारण्याचा क्रम महत्त्वाचा ठरतो. ‘बहुधा किती’ आधी विचारलं की तो सहा दिवसांचा आकडा मनात रुतून बसतो आणि वाईट आकडा त्याच्यात चारदोन मिळवून दिला जातो. आधी वाईट विचारावं, आणि आकड्याऐवजी गोष्टच विचारावी. “भाऊ, पाइपच्या कामात सगळ्यात जास्त कुठे अडकला होता? काय झालं होतं?” मग उत्तर येतं, “चर खोदताना जुना जीआय पाइप फुटला. खालच्यांच्या छताला ओल आली. त्यांनी सोसायटीत तक्रार केली, आठवडाभर काम बंद होतं.” आता चौदा दिवस कुठून आले ते कळतं, आणि कधीकधी ते अठरा व्हायला हवेत हेही कळतं. ज्या वाईट आकड्याला मागे घडलेली एकही गोष्ट चिकटलेली नाही, तो हवेतून काढलेला आहे असं मी समजते.

आता हिशेबातली दुसरी भेग. आपण सहा कामं एकामागून एक धरली, पण ट्रॉल्या कारखान्यात बनतात. तोडफोड झाली की मापं जातात आणि घरात पाइप, वॉटरप्रूफिंग, टाइल्स चालू असताना तिकडे ट्रॉल्यांचं काम चालतं. कारखानदाराचे तीन आकडे 19, 23 आणि 39 असले तर सरासरी 25 दिवस. घरातल्या त्या तीन कामांची सरासरीसुद्धा 7, 7 आणि 11 मिळून 25. दोन्ही वाटा सारख्या लांबीच्या, तेव्हा पंचविसाव्या दिवशी बसवायला सुरुवात, असं कोणीही म्हणेल. पण पंचवीस दिवसांत घर तयार असण्याची शक्यता निम्मी, ट्रॉल्या तयार असण्याचीही निम्मी. दोन्ही तयार असण्याची शक्यता पाव. एक लवकर संपलं तर तो फायदा वाया जातो, कारण दुसऱ्यासाठी थांबावंच लागतं. एक लांबलं तर तो उशीर पुरता पदरात पडतो. या एका सांध्यामुळे सरासरी पावणेदोन दिवस वाढतात आणि 41 चे 43 होतात. साधं पर्ट सर्वांत लांब वाट तेवढी धरतं आणि बाकीच्या विसरतं, म्हणून ते कायम आशावादी निघतं. 1960 च्या दशकातच अभ्यासकांनी हे दाखवून दिलं होतं. उपाय म्हणून संगणकाकडून प्रत्येक कामाला त्याच्या तीन आकड्यांच्या मर्यादेत सोडत काढल्यासारखा एकेक वेळ द्यायचा, सांध्यांसकट शेवटची तारीख काढायची आणि हे हजारो वेळा करायचं. ही माँटे कार्लो पद्धत आज घरच्या लॅपटॉपवर एक्सेलमध्येही जमते.

तिसरी भेग सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी. वर्ग-वर्गमुळाचा हिशेब असं धरतो की एका कामाच्या उशिराचा दुसऱ्याशी संबंध नाही. पण आपलं काम जुलै-ऑगस्टमध्ये आहे. पाऊस लागून राहिला की राडारोड्याचा टेम्पो येत नाही, वॉटरप्रूफिंग सुकत नाही, भिंतींची ओल जात नाही म्हणून पुट्टी धरत नाही. एकच कारण सहा ठिकाणी उशीर करतं. तसंच ठेकेदाराचं: त्यानं तीन साइट एकदम घेतल्या असतील तर त्याची माणसं सगळ्याच टप्प्यांवर कमी पडणार. अशा वेळी फिटंफाट होत नाही. सगळे उशीर पूर्णपणे एकमेकांना बांधलेले असतील तर अनिश्चिततेची मापं सरळ मिळवावी लागतात आणि 3.4 दिवसांच्या जागी 8 दिवस येतात. खरी परिस्थिती या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते. बांधिलकी अर्धीमुर्धी धरली आणि ट्रॉल्यांचा सांधाही मोजला, तर ऐंशी टक्क्यांचा पट्टा साधारण 35 ते 50 दिवसांचा होतो: 22 ऑगस्ट ते 9 सप्टेंबर. पहिल्या हिशेबात 4 सप्टेंबरला संपणारी व्याप्ती गणपतीच्या पाच दिवस आधीपर्यंत सरकली. शिवाय दहातली एक शक्यता त्याच्याही पुढची आहे.

व्याप्ती मिळाल्यावर सर्वांना एकच तारीख सांगायची गरज उरत नाही. भाड्याच्या घराचा करार, पाहुण्यांचं येणं, गणपतीची तयारी हे सगळं 9 सप्टेंबर धरून ठरवावं. ठेकेदाराशी बोलताना मात्र मधली तारीख धरावी, कारण त्याला 9 सप्टेंबर सांगितलं की काम तितकं पसरणारच. त्यात लपवाछपवी नको. दोन तारखा दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत एवढं त्याला सांगितलं की पुरे.

काम सुरू झाल्यावर हा पट्टा पुन्हा मोजायचा असतो. समजा, तोडफोडीला सहा आणि पाइपला नऊ दिवस गेले. सरासरीनं 11.5 दिवस लागायला हवे होते, लागले 15. तारीख 29 जुलै. उरलेल्या चार कामांची सरासरी 29.5, म्हणजे एकूण 44.5, मधली तारीख आता 3 सप्टेंबरच्या आसपास. पण एवढ्यावर थांबून चालत नाही. उशीर कशामुळे झाला ते विचारावं. जुना पाइप फुटला म्हणून झाला असेल तर ते तिथेच संपलं. सोसायटीनं आवाजाचं काम दिवसातून चारच तास करू दिलं म्हणून झाला असेल, तर टाइल्स कापतानाही तेच होणार आणि टाइल्सचे तिन्ही आकडे वाढवायला हवेत. सरकारी असो की घरगुती, बहुतेक कामांत झालेला उशीर पुढे भरून काढू असं म्हटलं जातं. उशिराचं कारण जागेवर असेल तर तो भरून निघत नाही, वाढतो.

आणि तारीख गणपतीच्या फार जवळ वाटली तर? सरसकट ‘जरा लवकर आटपा’ म्हटल्यानं काही हलत नाही. रंगकामाकडे बघा. त्याची सरासरी साडेपाच दिवस आणि ते सगळ्यात शेवटी आहे, त्यावर दुसरं काहीच अवलंबून नाही. रंगाऱ्याला दसऱ्यानंतर बोलावलं तर नव्वद टक्के खात्रीची तारीख 9 सप्टेंबरवरून 3 सप्टेंबरच्या आसपास येते. स्वयंपाकघरात मोदक उकडायला ओटा, नळ आणि ट्रॉल्या लागतात. भिंतीला पुट्टीचा पांढरा हात लावून ठेवला तर आरतीला आलेल्या पाहुण्यांपैकी एखाददुसरा विचारेल एवढंच.